टॅब हँग झाला तर : सीलबंद बॅटरी आणि सक्तीचा रिस्टार्ट

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत टॅबलेट ज्या वाटांनी घरांत शिरला, त्यांतील एक ठळक वाट वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांच्या तयारीची आहे. ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासपद्धतीमुळे आणि नांदेडमध्ये वाढलेल्या खासगी शिकवण्यांमुळे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुले या दोन शहरांत खोली करून राहतात. त्यांपैकी अनेकांच्या हातात पालकांनी घेऊन दिलेला टॅब असतो, तर काहींच्या हातात नागपूरच्या महाज्योती संस्थेकडून जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटीच्या प्रशिक्षणासाठी रोजच्या ६ जीबी इंटरनेटसह मिळालेला टॅब असतो. अशा टॅबमध्ये उतरवून घेतलेली व्याख्याने, सराव प्रश्नपत्रिकांचे फोटो आणि बोटाने वा पेनाने लिहिलेल्या टिपणवह्या एकाच ठिकाणी साठलेल्या असतात आणि त्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेही नसते. त्यामुळे स्क्रीन जागच्या जागी थिजली आणि कोणतेच बटण दाद देईनासे झाले, की विद्यार्थ्यासमोर उभा राहणारा प्रश्न यंत्राच्या किमतीपेक्षा आतल्या मजकुराचा असतो.

लातूरच्या गंजगोलाई परिसरात किंवा नांदेडच्या वजिराबादेत असा टॅब दुरुस्तीला नेल्यावर ‘फॉरमॅट मारून देतो’ हे उत्तर मिळू शकते, आणि घाबरलेला विद्यार्थी त्याला होकारही देऊन टाकतो. फॉरमॅट म्हणजे वापरणाऱ्याने यंत्रात साठवलेले सर्व काही पुसून ते कारखान्यातून निघाल्यासारखे कोरे करणे. थिजलेल्या यंत्राला सहसा त्याची गरज नसते. गरज असते ती आतला वीजपुरवठा क्षणभर तोडून यंत्र नव्याने सुरू करण्याची. ही सोय प्रत्येक टॅबमध्ये बटणांच्या ठरावीक दाबण्याच्या रूपाने दिलेली असते आणि तिलाच या पुस्तकात ‘सक्तीचा रिस्टार्ट’ म्हटले आहे. हा रिस्टार्ट साठवलेल्या मजकुराला हात लावत नाही. तो फक्त चालू कामाची स्मृती रिकामी करतो.

या सोयीची गरज का पडली हे कळण्यासाठी टॅबच्या कडेवरील पॉवर बटण नेमके काय करते, हे आधी पाहावे लागते. भिंतीवरच्या दिव्याचे बटण दाबले की तांब्याची जोडणी तुटते आणि दिवा विझतो. टॅबच्या पॉवर बटणाने अशी कोणतीही जोडणी तुटत नाही. ते दाबले की प्रोसेसरकडे, म्हणजे यंत्राची सर्व आकडेमोड करणाऱ्या मुख्य चिपकडे, ‘बटण दाबले गेले’ एवढाच निरोप जातो आणि त्या निरोपाचे काय करायचे हे कार्यप्रणाली ठरवते : क्षणभर दाबले असेल तर स्क्रीन मालवायची, धरून ठेवले असेल तर बंद करण्याचा पर्याय दाखवायचा. कार्यप्रणाली म्हणजे अँड्रॉइड किंवा आयपॅडओएस यांसारखी मूळ आज्ञावली, जिच्यावर बाकीची सर्व ॲप चालतात. तीच अडकून पडली असेल, तर निरोप पोचूनही त्यावर अंमल करणारे कोणी उरत नाही. शेतातली मोटार बंद करण्यासाठी गड्याला हाक मारणे आणि डीपीवर जाऊन फ्यूज काढणे या दोन गोष्टींत जो फरक आहे, तोच बटणाच्या साध्या दाबण्यात आणि सक्तीच्या रिस्टार्टमध्ये आहे.

जुन्या मोबाइलमध्ये हा फ्यूज वापरणाऱ्याच्या हातात होता. नोकिया ११०० सारख्या फोनचे मागचे झाकण नखाने सरकवून बीएल-५सी बॅटरी काढायची, क्षणभर थांबून पुन्हा बसवायची, ही क्रिया शाळकरी मुलांनाही येत असे. तिने वीज इतकी पूर्ण तुटे, की फोन सुरू होताना कित्येकदा तारीख आणि वेळ नव्याने विचारत असे. ती बॅटरी ८५० मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे ३ वॉट-तासांची होती. २०१० साली आलेल्या पहिल्या आयपॅडमध्ये २५ वॉट-तासांची, म्हणजे जवळपास आठपट साठ्याची बॅटरी होती आणि ती पहिल्या दिवसापासून सीलबंद होती. फोनच्या बाबतीत हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेने २०१५ साली एस६ या फोनपासून झाकण उघडण्याची सोय सोडली.

सीलबंद करण्यामागे कंपन्यांचा धंद्याचा हिशेब नव्हता असे म्हणणे भोळेपणाचे होईल, परंतु टॅबच्या बाबतीत रचनेचे कारणही खरे आहे. हाताने काढता येणाऱ्या बॅटरीला स्वतःचे कडक कवच लागते, तिच्या टोकांना दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या लागतात, तिला बसायला भिंती असलेला खण लागतो आणि त्यावर वेगळे झाकण लागते. या प्रत्येक थराने जाडी वाढते आणि तेवढीच ऊर्जा साठवण्याची जागा कमी होते. टॅबमधली बॅटरी याउलट मऊ पाकिटाच्या रूपाची असते. पातळ ॲल्युमिनियमच्या वेष्टनात गुंडाळलेले लिथियमचे हे सपाट पाकीट स्क्रीनमागच्या जागेचा मोठा भाग व्यापते आणि ते चिकटपट्ट्यांनी चौकटीला घट्ट बसवलेले असते. त्याला कडक कवच नसल्यामुळे टोकदार वस्तूने भोक पडले किंवा ते दुमडले गेले, तर आतले थर एकमेकांना टेकून आग लागू शकते. म्हणून हँग झालेला टॅब पाना आणि सुरी घेऊन घरी उघडण्याचा विचार मनातही आणू नये. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतील बॅटऱ्या सर्वसाधारण हत्यारांनी वापरणाऱ्यालाच बदलता याव्यात असे बंधन येत आहे. तरीही त्यामुळे नखाने उघडणारे झाकण परत येईल असे समजण्याचे कारण नाही.

बॅटरी हाताबाहेर गेल्यावर फ्यूजचे काम कोणाकडे तरी सोपवणे भाग होते आणि ते सोपवले गेले वीज-नियामक चिपकडे. बॅटरीतून येणारी वीज वेगवेगळ्या दाबांत वाटून प्रोसेसर, स्मृती, स्क्रीन यांना पुरवणारी ही छोटी चिप कार्यप्रणालीवर अवलंबून नसते; बॅटरीत थोडीशी वीज असेपर्यंत ती जागी असते, टॅब ‘बंद’ असतानाही. पॉवर बटणाची तार बहुतेक रचनांमध्ये प्रथम या चिपकडेच येते आणि बटण किती वेळ दाबलेले आहे हे मोजणारे घड्याळ तिच्या आतच असते. क्वालकॉम कंपनीच्या चिपांमध्ये हे मोजमाप दोन टप्प्यांत चालते : पहिला टप्पा संपला की प्रोसेसरला इशारा दिला जातो आणि त्यानंतरही बोट उचलले गेले नाही, तर दुसऱ्या टप्प्याच्या अखेरीस चिप कोणालाही न विचारता यंत्र नव्याने सुरू करते. पहिल्या टप्प्याची मुदत उत्पादकाला सुमारे १० सेकंदांपर्यंत आणि दुसऱ्याची २ सेकंदांपर्यंत ठेवता येते. एका कंपनीच्या टॅबला सात सेकंद पुरतात आणि दुसऱ्याला दहा-बारा लागतात, त्याचे कारण बहुतांशी उत्पादकाने निवडलेली ही मुदत असते.

दोन बटणांची जोडी का, हेही याच रचनेतून उलगडते. दप्तरात किंवा उशीखाली टॅबचे एखादे बटण दहा सेकंद दबून राहणे अगदी शक्य असते, पण ठरावीक दोन बटणे एकाच वेळी तितका वेळ दबणे दुर्मीळ. म्हणून अनेक उत्पादक पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण ही जोडी निवडतात. सॅमसंगच्या टॅबमध्ये ही दोन्ही एकत्र सात सेकंदांहून अधिक धरावी लागतात. इतर अनेक अँड्रॉइड टॅबमध्ये एकटे पॉवर बटण दहा ते तीस सेकंद धरले तरी काम होते. बॅटरी काढण्यापेक्षा ही क्रिया एका बाबतीत सौम्य आहे : वीज-नियामक चिप आणि तिच्यातले कालमापक घड्याळ या सगळ्यात चालूच राहते, म्हणून रिस्टार्टनंतर टॅब तारीख विचारत नाही.

बटणांकडे हात जाण्यापूर्वी मात्र यंत्राला स्वतःहून सुटायला अवधी द्यावा लागतो, आणि हा अवधी अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही. अँड्रॉइडमध्ये स्पर्शाला एखाद्या ॲपने पाच सेकंद उत्तर दिले नाही, तर कार्यप्रणाली ते ॲप बंद करायचे की थांबायचे हे विचारते. कार्यप्रणालीचाच गाभा साठ सेकंद अडकला, तर तिच्यावर नजर ठेवणारा पहारेकरी-कार्यक्रम त्या गाभ्याला मारून पुन्हा उभा करतो आणि त्याही खाली, चिपमध्ये, ठरावीक काळात ‘मी चालू आहे’ अशी खूण मिळाली नाही तर यंत्र रिस्टार्ट करणारे स्वतंत्र घड्याळ असते. म्हणजे दीड-दोन मिनिटे थांबल्यावरही काही घडले नाही, तर पहारेकऱ्यांना न दिसलेली कोंडी झाली आहे असे धरता येते. स्क्रीनवर चित्र पाठवणारी आज्ञावली तेवढी अडकली आणि खुणा देणारा भाग मात्र नेमाने खुणा देत राहिला, तर सर्व पहारे निर्धास्त राहतात. माणसाच्या बोटाची गरज उरते ती अशा वेळी.

एक प्रसंग कल्पून तो पायरीपायरीने पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होईल. मे महिन्यातील दुपार, लातूरच्या अंबाजोगाई रोडवरील पत्र्याच्या खोलीत विद्यार्थी टॅब चार्जिंगला लावून व्याख्यान पाहतो आहे. चित्र थांबते, शिक्षकांचा हात फळ्यावर तसाच राहतो. पहिले लक्ष आवाजाकडे द्यावे. आवाज पुढे चालू असेल, तर प्रोसेसर जिवंत आहे आणि अडचण स्क्रीनपुरती आहे. एखाद्या अक्षराचा तुकडा घरघरत परतपरत ऐकू येत असेल, तर ध्वनीच्या साठ्यात उरलेला शेवटचा तुकडाच वाजतो आहे आणि मागून नवे काही येत नाही, म्हणजे संपूर्ण यंत्रणा थिजली आहे. दुसरी खूण स्क्रीनच्या वरच्या पट्टीतील घड्याळाची : भिंतीवर ३.२० झाले आणि टॅबवर ३.१२ च असतील, तर थिजण्याची वेळही कळते. तिसरी परीक्षा पॉवर बटण एकदाच हलके दाबण्याची; स्क्रीन मालवली आणि पुन्हा उजळली, पण बोटाला मात्र दाद देत नसेल, तर दोष स्पर्शाचा आहे. तो कित्येकदा हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणाऱ्या विद्युत गोंगाटामुळे उद्भवतो आणि चार्जर काढताच जातो.

या प्रसंगात तिन्ही खुणा संपूर्ण थिजण्याच्या बाजूने आहेत असे धरू. विद्यार्थ्याने चार्जर काढावा, मागचे कव्हर काढून टाकावे, कारण कव्हरची कड एखादे बटण दाबून धरत असेल तर पुढचे सगळे मोजमाप चुकते, आणि टॅब पत्र्याच्या उष्म्यातून उचलून सावलीत फरशीवर दोन मिनिटे ठेवावा. मग पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकाच वेळी घट्ट दाबून मनात आकडे मोजावेत. सहसा सात ते बाराच्या दरम्यान स्क्रीन काळी होते. काही टॅबमध्ये हलकी थरथरही जाणवते. कंपनीचे नाव उमटताच दोन्ही बोटे उचलावीत. बहुतेकांची चूक स्क्रीन काळी होण्याआधीच, चार-पाच सेकंदांत बोट उचलण्याची असते. चिपमधले घड्याळ तेव्हा पुन्हा शून्यावर जाते आणि ‘बटणांनीही काही होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

टॅब सुरू व्हायला यावेळी नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ लागू शकतो, कारण साठवणुकीची नोंदवही आधी तपासली जाते. अँड्रॉइडच्या साठवण पद्धती असे अर्धवट थांबणे गृहीत धरूनच बांधलेल्या आहेत. अर्धी राहिलेली नोंद त्या रद्द करतात किंवा पूर्ण करतात. गमावले जाते ते एवढेच : थिजण्यापूर्वीच्या क्षणी टाइप होत असलेला आणि न साठवलेला मजकूर किंवा अर्धवट उतरलेली फाइल. उतरवून ठेवलेली जुनी व्याख्याने, फोटो आणि टिपणे जागेवर असतात. एक अपवाद मात्र जपावा लागतो : कार्यप्रणालीचे अपडेट चालू असून स्क्रीनवर प्रगतीची रेघ दिसत असेल, तर ती मंद वाटली तरी सक्तीचा रिस्टार्ट करू नये.

खरा धोका चुकीच्या जोडीत आहे. बंद टॅब पॉवर आणि आवाज वाढवण्याचे बटण धरून सुरू केला, की अनेक अँड्रॉइड टॅब दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर जातात. तिथे काही ओळी इंग्रजीत दिसतात, स्पर्श चालत नाही, आवाजाच्या बटणांनी वर-खाली जावे लागते आणि पॉवर बटणाने निवड होते. इथे निवडण्याजोगी ओळ एकच, `Reboot system now`. तिच्या खाली कुठेतरी असलेली `Wipe data/factory reset` ही ओळ म्हणजेच दुकानातले ‘फॉरमॅट’. घाईत बोट घसरून ती निवडली गेली, तर वर्षभराचा साठा जातो आणि शिवाय टॅब सुरू झाल्यावर त्यावर पूर्वी असलेले गुगल खाते आणि त्याचा पासवर्ड मागतो. हा पासवर्ड टॅब पहिल्यांदा चालू करताना दुकानदाराने किंवा नातेवाइकाने घालून दिलेला असेल, तर कोरा झालेला टॅबही कुलूपबंदच राहतो. प्रत्येक विद्यार्थ्याने खात्याचे नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवावा असा आग्रह पुढे एका प्रकरणात धरला आहे, तो याचसाठी.

आयपॅडची रीत वेगळी आहे. ज्या आयपॅडला स्क्रीनखाली गोल होम बटण आहे, त्यात होम आणि वरचे बटण एकत्र धरून ॲपलची खूण दिसेपर्यंत थांबायचे. ज्यांना होम बटण नाही, त्यांत जोडी नसून क्रम आहे : वरच्या बटणाच्या जवळचे आवाजाचे बटण दाबून लगेच सोडायचे, मग लांबचे आवाजाचे बटण दाबून लगेच सोडायचे आणि शेवटी वरचे बटण खूण दिसेपर्यंत धरून ठेवायचे. पहिली दोन दाबणी रेंगाळत केली तर क्रम मोडतो. खूण दिसल्यावरही बोट तसेच ठेवले आणि आयपॅड संगणकाला जोडलेला असला, तर तो दुरुस्तीच्या अवस्थेत जातो. तेव्हा बोट वेळेवर उचलणे इथेही महत्त्वाचे.

थिजल्यासारखी दिसणारी प्रत्येक अवस्था थिजण्याची नसते, आणि मराठवाड्याच्या हवामानात हे विशेष लक्षात घ्यावे लागते. आयपॅडसाठी ॲपलने सांगितलेले वापराचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस आहे. नांदेडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तापलेला टॅब स्क्रीन मंद करतो, कामाचा वेग उतरवतो, चार्जिंग थांबवतो आणि शेवटी थंड होईपर्यंत वापर नाकारतो. हे संरक्षण आहे, बिघाड नव्हे, आणि बटणे दाबून ते टाळता येत नाही. तसेच बॅटरी पूर्ण उतरलेला टॅब बटणांना दाद देत नाही, कारण फ्यूजचे काम करणाऱ्या चिपलाच वीज उरलेली नसते. महिनाभर सुटीत गावी कपाटात पडून राहिलेल्या टॅबमध्ये हे सहज घडू शकते. फार खाली गेलेल्या लिथियम बॅटरीला टॅबमधले चार्जिंगचे सर्किट सुरुवातीला जाणूनबुजून अगदी मंद प्रवाह देते, त्यामुळे भिंतीच्या सॉकेटवर निदान अर्धा तास ठेवल्याखेरीज काळ्या स्क्रीनवरून कोणताही निर्णय घेऊ नये. स्क्रीन एका कडेने उचललेली किंवा पाठ फुगलेली दिसली, तर मात्र बॅटरीत वायू साठून ती आतून स्क्रीनवर दाब देते आहे. असा टॅब चार्जिंगला लावू नये, रिस्टार्टही करू नये, आणि तो थेट सेवा केंद्रात द्यावा.

एकदाच थिजलेला टॅब विसरून गेला तरी चालते, पण आठवड्यात दोन-तीनदा असे घडू लागले तर कारण शोधावे लागते आणि विद्यार्थ्यांच्या टॅबमध्ये ते बहुधा भरलेल्या साठवणुकीत सापडते. ३२ जीबीच्या टॅबमधील बरीच जागा कार्यप्रणालीच व्यापते. उरलेल्या जागेत व्याख्याने काठोकाठ भरली, की नवे लिहिण्यापूर्वी जुने तुकडे हलवून जागा मोकळी करण्याच्या कामातच साठवणुकीची चिप गुंतून पडते आणि त्या वाट पाहण्यात बाकीची यंत्रणा अडकते. पाहून झालेली व्याख्याने काढून चार-पाच जीबी जागा मोकळी ठेवली, तर अशा थिजण्यांपैकी पुष्कळशी थांबतात.

बटणच तुटलेले असेल किंवा पूर्ण मुदत धरूनही तीन वेळा स्क्रीन काळी झाली नसेल, तर दोन मार्ग उरतात. स्क्रीन उजळलेल्या अवस्थेत थिजलेला टॅब चार्जर न लावता तसाच ठेवला, तर काही तासांत बॅटरी संपून आपोआप बंद पडतो; चार्जर लावल्यावर काही टॅब स्वतःहून नव्याने सुरू होतात, तर इतरांना पॉवर बटण लागते. यात वेळ जातो, पण मजकूर जात नाही. एवढा वेळ नसेल, तर कारागिराकडून टॅब उघडून घेऊन बॅटरी सर्किटला जोडणारी लहानशी खटकी काढून पुन्हा बसवून घेता येते. चिकटवलेली बॅटरी त्यासाठी उचलावी लागत नाही. टॅब काउंटरवर ठेवताना ‘बॅटरीचा कनेक्टर काढून लावा, फॉरमॅट मारू नका, मारायची वेळ आली तर आधी विचारा’ हे तिन्ही शब्दशः सांगावे आणि पावतीवरही लिहून घ्यावे.